पट्टीची मागची बाजू

ती. आईस सा. न.

खाप्यातल्या डॉक्टरांची गोळी पांढरी, नागपूरची गुलाबी, म्हणून दोन्ही औषधं वेगळी, असं तुला वाटतं. बहुतेकांना तसंच वाटतं. पण रंग आणि मोठं नाव कंपनी ठरवते. खरं औषध म्हणजे घटक (गोळीत प्रत्यक्ष काम करणारं द्रव्य). घरी बंड्या म्हणून हाक मारलेला मुलगा शाळेच्या हजेरीत वेगळ्याच नावानं असतो, तसंच हे.

तू पाठवलेल्या फोटोंत गुलाबी पट्टीमागे ‘टेल्मिसार्टन ४०, अॅम्लोडिपिन ५’ आहे, पांढरीवर ‘अॅम्लोडिपिन ५’. दोन्ही रोज घेतल्यास अॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम होतं. डॉक्टरांनी ते मुद्दामही दिलं असेल. पण या औषधानं, विशेषतः मात्रा वाढल्यावर, पाय सुजू शकतात, आणि तुझे सुजलेत. व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना हे दाखवायलाच हवं.

प्रत्येक पट्टीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढ, बंद केलेल्या गोळ्यांचेही. चंदेरी कागद चमकतो, म्हणून फ्लॅश बंद ठेव आणि खिडकीजवळ पट्टी किंचित तिरपी धर. मुदतीची तारीख बहुधा एका टोकाला असते. म्हणून गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढ. शुगरच्या गोळीची पट्टी अर्धी कापलेली आहे, नाव वाचता येत नाही. तिचं बिल किंवा चिठ्ठी शोध.

डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत मनानं कुठलीही गोळी बंद करू नकोस. चक्कर आली किंवा दम लागला, तर व्हिडिओ कॉलची वाट न पाहता लगेच दवाखान्यात जा.

तुझा,
बंड्या