बाळ गुळणी काढतं, म्हणून ॲसिडचं औषध?

आगरदांड्याला एका घरी गेले होते. तीन महिन्यांचा मुलगा आजीच्या मांडीवर हसत होता आणि आजीच्या खांद्यावरच्या फडक्यावर दुधाचा ताजा डाग होता. त्याची आई आतून एक बाटली घेऊन आली. "ताई, याला ॲसिडिटी आहे म्हणून खासगी दवाखान्यातून हे दिलंय. तीन आठवडे झाले, पण गुळण्या काही थांबत नाहीत. औषध वाढवायला हवं का?"

बाटली ओमेप्राझोलची होती. पोटातलं ॲसिड तयार होणं कमी करणारं हे औषध मोठी माणसं गोळीच्या रूपात घेतात. चिठ्ठीवर लिहिलं होतं, रोज एकदा 5 मिलीग्रॅम. मी विचारलं, "देतेस किती?" तिने औषधाचं टोपण दाखवलं. "पाचच्या खुणेपर्यंत."

इथेच घोळ होता. टोपणावरची पाचची खूण मिलीची होती आणि चिठ्ठीवरचे 5 हे मिलीग्रॅम होते. मिली म्हणजे पातळ औषध किती ते, आणि मिलीग्रॅम म्हणजे त्यात खरं औषध किती ते. त्या बाटलीवर लिहिलं होतं की 1 मिलीमध्ये 2 मिलीग्रॅम औषध आहे. म्हणजे 5 मिलीग्रॅमसाठी अडीच मिली पुरे होतं. 5 मिली दिल्यामुळे बाळाला रोज 10 मिलीग्रॅम, म्हणजे दुप्पट औषध जात होतं.

लहान बाळाचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. ओमेप्राझोल साधारणपणे दर किलो वजनाला 1 मिलीग्रॅमच्या आसपास, दिवसातून एकदा देतात. गरज पडली तर डॉक्टर तो वाढवतात. या बाळाचं वजन अंगणवाडीच्या काट्यावर 5 किलो 400 ग्रॅम होतं. म्हणून डॉक्टरांनी लिहिलेले 5 मिलीग्रॅम बरोबर होते, चूक मोजण्यात होती. बाळाला काही अपाय झाला नव्हता. पण घरातल्या चमच्याने किंवा टोपणाने अंदाजे मोजलं की असं होतं. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली सिरिंज मागून घ्या आणि "किती मिली ओढायचं?" हे डॉक्टरांना सिरिंजवरच खूण करून दाखवायला सांगा. बाटली बदलली तर पुन्हा विचारा, कारण नव्या बाटलीत 1 मिलीतलं प्रमाण वेगळं असू शकतं. बाळाचं वजन वाढलं की डोसही पुन्हा ठरवावा लागतो. मोठ्या भावंडाचं उरलेलं औषध म्हणूनच देऊ नये.

पण डोस बरोबर असता, तरी गुळण्या थांबल्या असत्या का? नाही. कारण हे औषध गुळणी थांबवतच नाही.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. ते झडपेसारखं काम करतं. तान्ह्या बाळात ते मधूनमधून सैल पडतं. त्यात बाळाचं खाणं सगळं पातळ आणि दिवसाचा बराच वेळ आडवं पडून. म्हणून दूध वर येतं. औषधाने फक्त वर येणाऱ्या दुधातली आंबटाई कमी होते, दूध येतंच. शिवाय नुकतंच प्यालेलं दूध पोटातलं ॲसिड बरंच मवाळ करतं. गुळणीमुळे बाळाची अन्ननलिका सहसा भाजत नाही. या गुळण्या चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वात जास्त असतात. बाळ बसू लागलं, वरचं खाऊ लागलं की कमी होतात, आणि वर्षाचं होईपर्यंत दहातल्या नऊ बाळांच्या थांबतात.

औषधाने निदान रडणं तरी कमी होतं का, हेही तपासून पाहिलेलं आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 162 तान्ही बाळं होती. दूध पिताना किंवा प्यायल्यावर ती खूप रडायची. निम्म्यांना ओमेप्राझोलच्याच जातीचं लॅन्सोप्राझोल दिलं आणि निम्म्यांना औषध नसलेलं, तसंच दिसणारं काहीतरी. दोन्ही गटांत 54 टक्के बाळांना बरं वाटलं. म्हणजे औषधाने वेगळं काही साधलं नाही. उलट औषध घेणाऱ्या बाळांमध्ये छातीचे आजार जास्त झाले. त्याचं कारण असं की पोटातलं ॲसिड जंतू मारतं. ते कमी केलं की जुलाब आणि न्यूमोनियाचा धोका वाढू शकतो. जिथे टाकीचं पाणी दोन-दोन दिवस साठवावं लागतं, तिथे तर हे राखणदार उगाच काढून टाकू नये.

मग औषध लागतं कोणाला? गुळणीबरोबर बाळ दूध नाकारत असेल, दर वेळी पिताना कळवळत असेल, किंवा वजन वाढत नसेल, तर डॉक्टर तपासून आधी दूध पाजण्याची पद्धत सुधारतात. तरी फरक नाही पडला तर साधारण चार आठवडे औषध देऊन पाहतात. अन्ननलिकेला खरोखर जखम असेल तर ते नक्कीच लागतं. म्हणून डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: "हे कशासाठी?" आणि "किती दिवस, मग पुन्हा कधी दाखवू?"

आम्ही माता-बाल कार्ड काढलं. जन्माचं वजन 2 किलो 800, दीड महिन्याचं 4 किलो 100, आता 5 किलो 400. म्हणजे आठवड्याला जवळपास 200 ग्रॅमने वाढ. लघवी दिवसातून सात-आठ वेळा. आजाराची एकही खूण नव्हती. ते दोघं पुन्हा डॉक्टरांकडे गेले, कार्ड दाखवलं, आणि डॉक्टरांनी औषध बंद केलं.

आईला मी एवढंच सांगितलं: थोडं थोडं पण जास्त वेळा पाज. पाजल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्याशी उभं धर. पोटावर घट्ट कापड बांधू नकोस. झोपवताना पाठीवरच, सपाट जागी झोपव. उशी नको, पालथं तर मुळीच नको. गुळणीमुळे अंगावरचं दूध तोडून बाटली लावू नकोस.

मात्र काही खुणा दिसल्या तर घरी थांबू नका. उलटी हिरवी असेल किंवा तिच्यात रक्त असेल, बाळ दोन-तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतचं आहे आणि दर वेळी पिचकारीसारखी उलटी करून लगेच पुन्हा भुकेजतं, पोट फुगलंय, ताप आहे, बाळ मलूल आहे किंवा लघवी कमी झालीय, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. वजन थांबलं असेल, किंवा उलट्या सहा महिन्यांनंतर नव्याने सुरू झाल्या असतील, तरीही दाखवा. यातलं काहीही ॲसिडच्या बाटलीने बरं होत नाही.

तो मुलगा अजून गुळण्या काढतो. आजीच्या खांद्यावर फडकं असतंच. मागच्या महिन्यात त्याचं वजन 6 किलो 100 ग्रॅम भरलं.