चेंडू सरळच गेला, तरी झेल हुकला

बागेतल्या फिरत्या चक्रावर दोन मुली आहेत. एक बरोबर मध्यभागी, दुसरी तिच्यापासून दोन मीटरवर, कडेला. वरून पाहिलं तर चक्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतंय आणि सहा सेकंदांत एक फेरी पुरी करतंय. मधली मुलगी मैत्रिणीवर नेम धरून सेकंदाला चार मीटर वेगाने चेंडू फेकते. नेम अचूक, वाराही नाही. तरी चेंडू वाटेत वळतो आणि मैत्रिणीपासून मीटरभर लांबून, फेकणारीच्या उजव्या बाजूने निघून जातो.

जमिनीवर उभं राहून पाहणाऱ्याला यात काहीच नवल वाटत नाही. हातातून सुटलेल्या चेंडूला आडवं ढकलणारं कुणी नव्हतं, म्हणून तो न वळता पुढे गेला. कडेपर्यंत जायला त्याला अर्धा सेकंद लागला. तेवढ्यात चक्र ३० अंशांनी फिरलं आणि मैत्रीणच १.०५ मीटर डावीकडे सरकली.

मुलींना मात्र चक्र स्थिर धरूनच हिशेब मांडायचा असेल, तर न्यूटनचे नियम टिकवण्यासाठी चेंडूवर एक आडवं बल आहे असं मानावं लागतं. फ्रेंच अभियंता गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस याने १८३५ मध्ये फिरत्या यंत्रांचा अभ्यास करताना त्याचं गणित मांडलं, म्हणून त्याला कोरिऑलिस बल म्हणतात. हे बल किरकोळ नाही. अर्ध्या सेकंदात चेंडूला मीटरभर बाजूला नेणारं त्वरण सुमारे ८.४ भरतं, म्हणजे गुरुत्वाच्या ९.८ च्या बरंच जवळ. तेही इतक्या संथ चक्रावर!

तरीही ते आभासीच. खऱ्या बलामागे ढकलणारी किंवा ओढणारी वस्तू असते. इथे तशी कोणतीच सापडत नाही, आणि पाहणारा जमिनीवर उतरताच बल नाहीसं होतं.

याची खरी परीक्षा बागेतल्या झाडाला टांगलेल्या, अजिबात न हलणाऱ्या चेंडूवर होते. चक्रावरून पाहिलं की तो सहा सेकंदांत एक प्रदक्षिणा घालताना दिसतो. वर्तुळात फिरायचं तर बल आतल्या दिशेने हवं, पण चक्रावर जाणवणारं केंद्रोत्सारी बल तर बाहेर ढकलतं. इथे कोरिऑलिस बल हिशेब जुळवतं: ते आतल्या दिशेने आणि बरोबर दुप्पट असतं. वजाबाकी करून उरतं तेवढंच बल त्या प्रदक्षिणेला लागतं. केंद्रोत्सारी बल स्थिर वस्तूवरही मानावं लागतं, कोरिऑलिस बल फक्त चक्राच्या संदर्भात हलणाऱ्या वस्तूवर.

पृथ्वीही फिरतेच, पण एका फेरीला जवळजवळ २४ तास घेते. मुंबईत ताशी १४४ किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू वीस मीटर जाईपर्यंत या बलामुळे उजवीकडे जेमतेम पाव मिलिमीटर सरकतो. त्यामुळे स्विंगचं श्रेय पृथ्वीला देता येत नाही. ते शिवणीचं आणि हवेचं. चक्रीवादळाकडे खेचली जाणारी हवा मात्र तासन्‌तास, दिवसेंदिवस वाहत असते. तेवढ्या अवधीत तेच क्षीण बल तिला इतकं वळवतं, की उत्तर गोलार्धातलं प्रत्येक चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं.