गहू सोडण्याआधी रक्त तपासा

चौथा-पाचवा महिना लागला की पोट फुगणं, ढेकर येणं, शौचाला साफ न होणं या तक्रारी बहुतेक गरोदर बायकांना होतात. त्यामागे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक असतं. गर्भाशय सैल राहावं म्हणून ते स्नायूंना शिथिल करतं, आणि त्यात आतड्यांचे स्नायूही सैलावतात. त्यात लोहाच्या गोळीची भर पडते. पण घरात निदान वेगळंच होतं. ‘तुला ग्लुटेन सोसत नाही, पोळी बंद कर. दूधही नको.’ दोन्ही बंद झालं की जेवणच कमी होतं, पोट थोडं हलकं वाटतं आणि निदान खरं ठरल्यासारखं होतं.

नमुन्यादाखल पाचव्या महिन्यातली एक गर्भवती डोळ्यांसमोर आणू. हिमोग्लोबिन ९.२. गरोदरपणात ११च्या खाली म्हणजे रक्तक्षय. लोहाची गोळी दोन महिने नियमाने घेऊनही आकडा हललेला नाही. पोट फुगतं, दूध प्यायलं की गुडगुडतं. आठवड्यापूर्वी तिने गहू आणि दूध दोन्ही सोडलंय. इथे पहिला सल्ला ऐकायला उलटा वाटेल: पोळी पुन्हा सुरू करा आणि रक्त तपासा.

कारण न वाढणारं हिमोग्लोबिन ही सिलिॲक आजाराची खूण असू शकते. या आजारात गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अस्तर झिजतं आणि गोळीतलं लोह रक्तात नीट पोचत नाही. आजार ओळखला गेला नाही तर गर्भपाताचा आणि बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. तो ओळखण्यासाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करतात. सोबत एकूण आयजीएही मोजावं लागतं, कारण काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं आणि मग अहवाल फसवा नॉर्मल येतो.

ही तपासणी शोधते ती ग्लुटेनमुळे उठलेली प्रतिपिंडं. गहू बंद केला की ती हळूहळू ओसरतात आणि आजार असूनही अहवालात दिसत नाहीत. म्हणून तपासणीआधी निदान सहा आठवडे रोज एकाहून जास्त जेवणांत गहू पोटात जात असावा लागतो. आपल्या उदाहरणातल्या बाईने आठवड्यापूर्वीच गहू सोडलाय, त्यामुळे अजून फार बिघडलेलं नाही. वर्षभर पोळी न खाल्लेली बाई मात्र पेचात सापडते, कारण गरोदरपणात त्रास सोसून पुन्हा गहू खायला लावणं सोपं नाही. तिच्यासाठी जनुकीय तपासणी उपयोगी पडते. आहार बदलल्याने तिचा निकाल बदलत नाही, आणि ठरावीक जनुकं नसली तर सिलिॲकची शक्यता जवळजवळ संपते. शंभरेक पदार्थांची ‘फूड इन्टॉलरन्स’ यादी देणाऱ्या महागड्या आयजीजी चाचण्यांवर मात्र पैसे घालवू नयेत. एखादा पदार्थ आपण खातो, एवढंच बहुधा त्यातून कळतं.

सिलिॲक निघालाच, तर ग्लुटेन शून्यावर आणायचं आणि तेही जन्मभर. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात हे जितकं अवघड वाटतं तितकं नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा हे सगळं चालतं. चूक होते ती गहू सोडून नुसत्या भातावर आणि साबुदाण्यावर राहण्यात. शंभर ग्रॅम कणकेतून साधारण चार मिलिग्रॅम लोह मिळतं, पॉलिश केलेल्या तांदळातून एकही नाही. बाजरीत ते कणकेपेक्षाही जास्त असतं. म्हणजे पोळीच्या जागी भाकरी आली तर काही कमी पडत नाही.

ग्लुटेन शिरतं ते नकळत. गिरणीत आधी गहू दळलेला असेल तर त्याच जात्यातून ज्वारीत गव्हाचं पीठ येतं. ज्वारी-बाजरी घरच्या चक्कीवर दळावी, नाहीतर फक्त तीच धान्यं दळणारी गिरणी शोधावी. डबीतल्या बांधानी हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ असतं. मेतकूट आणि भाजणीतही गहू असू शकतो, आणि रवा, शेवया, लापशी तर गव्हाचीच.

तपासणी नॉर्मल आली तर पोळी सोडायचं कारण उरत नाही. गव्हाने पोट फुगतंच असेल, तर दोष पुष्कळदा ग्लुटेनचा नसून गव्हातल्या फ्रुक्टन नावाच्या कर्बोदकाचा असतो. ते कांदा-लसणातही असतं. अशा वेळी एका जेवणात पोळी आणि दुसऱ्यात भाकरी एवढा बदल बहुधा पुरतो. हिमोग्लोबिन तरीही वाढत नसेल तर गोळी कशी घेतली जाते ते बघावं. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली की लोह नीट शोषलं जात नाही. दोन गोळ्यांत निदान दोन तासांचं अंतर हवं.

आता दूध. दुधातली लॅक्टोज ही साखर पचवणारं लॅक्टेज विकर कमी असणं आपल्याकडे अगदी सामान्य आहे. त्याने पोटात वायू धरतो, जुलाब होतात, पण बाळाला इजा होत नाही. हा प्रश्न प्रमाणाचा आहे. दूध सोसत नसलेल्या बहुतेकांना एका वेळी कपभर दूध चालतं, आणि तेही रिकाम्या पोटी न घेता खाण्यासोबत घेतलं तर जास्त सोपं जातं. दह्यातले जिवाणू बरीचशी साखर स्वतःच पचवतात, म्हणून दही आणि ताक सोसतं.

गरोदरपणात रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. न्याहारीसोबत दीडशे मिली दूध, दोन्ही जेवणांत एकेक मोठी वाटी दही, नाचणीची एक भाकरी आणि दोन चमचे तिळाची चटणी एवढ्यातून सुमारे ८०० मिलिग्रॅम येतं. बाकीचं पालेभाज्या आणि डाळींतून मिळतं. शिवाय चौदाव्या आठवड्यापासून सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन. आपल्या उदाहरणातल्या बाईने दूध पूर्ण सोडायची काहीच गरज नव्हती.

दुधाची ॲलर्जी ही याहून वेगळी बाब. तिथे शरीर दुधातल्या प्रथिनांवर चवताळतं, त्यामुळे दही, पनीर, खवा काहीच चालत नाही आणि एक चमचाही धोक्याचा ठरू शकतो. मोठ्या वयात ती क्वचितच दिसते. शेंगदाणा, अंडं, कोळंबी यांच्या ॲलर्जीचंही तसंच. ज्याची ॲलर्जी सिद्ध झाली आहे तेवढाच पदार्थ वगळायचा आणि त्यातली प्रथिनं डाळी-उसळींतून भरून काढायची. स्वतःला ॲलर्जी नसताना केवळ ‘बाळाला होऊ नये’ म्हणून दाण्याचं कूट किंवा अंडी बंद करू नयेत. आईने पथ्य पाळल्याने बाळाची ॲलर्जी टळते, असं आढळलेलं नाही.

खाल्ल्यानंतर काही मिनिटांत अंगावर गांधी उठल्या आणि ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास लागला किंवा भोवळ आली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. तिला डाव्या कुशीवर झोपवा, श्वास लागत असेल तर टेकवून बसवा आणि १०८ला फोन करा. अशा वेळी द्यायचं ॲड्रेनालीनचं इंजेक्शन गरोदरपणातही देतात, आणि ते उशिरा देण्यातच आईला आणि बाळाला खरा धोका असतो.