फरशीत मुरलेलं लोखंड

गणपतीसाठी ताई तीन आठवडे गावी गेली होती. परत आल्यावर ठाण्याच्या घराच्या गॅलरीत तिनं कुंड्यांना पाणी घालायची पत्र्याची बादली उचलली, तर खालच्या मलईच्या रंगाच्या टाइलवर तांबूस-नारिंगी कडं उमटलेलं. शेजारी रंगकामातून उरलेला ऑइलपेंटचा चार लिटरचा डबा होता. त्याच्याखालचं कडं आणखी गडद होतं आणि दोन टाइलांमधल्या सांध्यावरून आरपार गेलं होतं. कामाला येणाऱ्या मावशींनी आधी तारेच्या घासणीनं घासून पाहिलं, मग ब्लीच ओतलं. कडं जरा जास्तच उठून दिसू लागलं, तेव्हा ताईचा मला फोन आला. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून घरातले डाग माझ्याकडे येतात.

बादलीचा गंज खाली सांडला आणि फरशीला चिकटला, अशी आपली समजूत असते. तसं असतं तर घासून तो निघाला असता. प्रत्यक्षात बादलीच्या बुडाच्या कडेखाली पाण्याचा पातळ थर अडकून राहतो आणि तो वाळतही नाही, कारण वारा तिथवर पोचत नाही. त्या थरात लोखंड हळूहळू विरघळतं. विरघळलेलं हे लोखंड जवळजवळ रंगहीन असतं, त्यामुळे ते फरशीच्या बारीक छिद्रांत आणि सांध्यांत पाण्याबरोबर उतरतं तेव्हा आपल्याला काहीच दिसत नाही. बाहेरच्या बाजूला हवेशी गाठ पडली की त्याचं गंजात रूपांतर होतं आणि ते जिथे असेल तिथेच घट्ट बसतं. पाण्यात न विरघळणारा हा गंज असा फरशीच्या आत तयार झालेला असतो. हे ध्यानात आलं की पुढचं सगळं आपोआप सुचत जातं: आत गेलेलं लोखंड पुन्हा विरघळवायचं आणि आलं त्या वाटेनं बाहेर ओढून घ्यायचं.

आपण ज्याला रोजच्या बोलण्यात स्टीलची बादली म्हणतो, ती असं कडं सहसा पाडत नाही. पाडते ती पत्र्याची. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि तो असेपर्यंत जस्त आधी झिजतं, लोखंड वाचतं. पण बूड रोज फरशीवर घासलं जातं, आणि तिथलाच मुलामा सगळ्यात आधी जातो. डब्याचं त्याहून वाईट. तेलाचा किंवा रंगाचा डबा कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा असतो. कथिल लोखंडाला झाकतं, पण जस्तासारखं त्याच्यासाठी स्वतः झिजत नाही. एक ओरखडा पडला की उघड्या पडलेल्या जागी लोखंड उलट जोरात गंजतं. ताईच्या डब्याचं कडं बादलीच्या कड्याहून गडद का होतं, त्याचं कारण हेच.

मावशींनी केलेल्या दोन गोष्टी अनेक घरांत होतात, म्हणून त्या सांगते. लोखंडी तारेच्या घासणीचे बारीक कण सांध्यांत अडकतात आणि तेच उद्या गंजतात. ब्लीच तर गंज काढूच शकत नाही. कपड्यावरचा चहाचा डाग ते घालवतं, कारण चहाच्या रंगद्रव्याची ते मोडतोड करतं. गंज हे मुळात हवेनं खाल्लेलं लोखंड आहे, त्याची आणखी मोडतोड काय करायची? आत थोडं लोखंड अजून रंगहीन रूपात असेल, तर ब्लीच त्याचाही गंज करून टाकतं. सोड्यावर व्हिनेगर ओतून फेस आणायची युक्तीही फार लोकप्रिय आहे. त्या फेसात आम्ल आणि सोडा एकमेकांना निकामी करतात, आणि गंजावर काम करायला मागे फारसं काही उरत नाही.

गंज विरघळवायला आम्ल लागतं, पण त्याआधी फरशी कसली आहे ते पाहायला हवं. चकचकीत सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइलला सौम्य आम्ल काही करत नाही. संगमरवर, जुन्या घरांतलं मोझेक, कोटा, शहाबादी, रंगीत सिमेंटच्या फरश्या या सगळ्यांत मात्र चुना असतो, आणि आम्ल तो खातं. डाग जातो आणि त्या जागी निस्तेज, खरखरीत ठसा कायमचा राहतो. ओळख सोपी आहे. कोपऱ्यात, जिथे कुणाची नजर जात नाही अशा जागी, लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकायचा आणि पाच मिनिटं पाहायचं. बुडबुडे आले, किंवा पुसल्यावर जागा निस्तेज दिसली, तर पुढचं काहीही तिथे करू नये. अशा दगडासाठी आम्ल नसलेलं गंजनाशक मिळतं, जे लोखंडावर पडलं की जांभळं होतं. तेही आधी कोपऱ्यात लावून पाहावं.

ताईच्या गॅलरीतली फरशी व्हिट्रिफाइड होती. थेंब शांत बसून राहिला, पुसल्यावर चमक तशीच होती. पण ब्लीच नुकतंच वापरलेलं, म्हणून त्या दिवशी मी कशालाच हात लावू दिला नाही. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो. आम्ही भरपूर पाण्यानं गॅलरी तीनदा धुतली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी भांड्यांच्या साबणानं ती जागा धुतली. फरशीवर मेणचट थर असेल तर आम्ल आत शिरत नाही. वरचा सुटा गंज जुन्या प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेनं खरवडला. मग सांधे साध्या पाण्यानं चिंब केले. सांध्यातलं सिमेंटही चुन्याचंच, त्याला आम्ल सोसत नाही. आधीच पाणी प्यायलेला सांधा आम्ल कमी पितो.

औषध म्हणून लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड घेतलं. किराणा दुकानात त्याची पांढरी पूड मिळते. अर्धा कप कोमट पाण्यात चहाचे दोन सपाट चमचे, म्हणजे सुमारे १०० मिली पाण्यात १० ग्रॅम, एवढं पुरतं. व्हिनेगरऐवजी हेच का? सायट्रिक ॲसिड लोखंड नुसतं विरघळवत नाही, त्याला धरून ठेवतं, त्यामुळे ते पुन्हा तिथेच बसत नाही. कागदी नॅपकिनच्या दोन-दोन पदरी पट्ट्या त्या पाण्यात भिजवून आम्ही कड्यावर गोल मांडल्या आणि वरून दुधाच्या पिशव्या कापून झाकल्या. झाकलं नाही तर पट्ट्या वाळतात आणि काम थांबतं. सांध्यावरून जाणाऱ्या भागाची पट्टी वेगळी ठेवली, ती दहा मिनिटांतच काढून घेता यावी म्हणून.

तासाभरानं पट्टी उचलली, तर कागद पिवळा झाला होता. हा पिवळेपणा पाहायला मला फार आवडतं, कारण फरशीतलं लोखंड कागदात आल्याची ती डोळ्यांना दिसणारी खूण आहे. कागद पांढराच राहिला, तर आम्ल आत पोचत नाही किंवा डाग गंजाचा नाही, असं समजावं. काळपट करडी रेघ असेल तर बहुधा तो गंज नसतो. डबा सरकवताना टाइलवर घासली गेलेली धातूची खूण असते ती.

बादलीचं कडं पहिल्या फेरीत निम्मं फिकं झालं आणि नव्या पट्ट्यांच्या दुसऱ्या फेरीत गेलं. दर वेळी भरपूर पाण्यानं धुतलं, शेवटी चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं पुसलं, म्हणजे सांध्यात राहिलेलं आम्ल मरतं, आणि कोरडं केलं. तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला, की फिकट पिवळी छटा परत दिसतेय. पट्ट्या काढल्यावर फरशी वाळत जाते, तसं खोलात राहिलेलं लोखंड ओलाव्याबरोबर वर येतं, आणि एकदा गेलेला डाग पुन्हा दिसतो. आणखी एक फेरी केली की तेवढंही निघतं, आणि ताईच्या बादलीचं निघालं.

डब्याचं कडं मात्र हट्टी होतं. चार फेऱ्यांनंतरही अंधूक वर्तुळ उरलं. तिथे मी ऑक्झॅलिक ॲसिड वापरलं. हार्डवेअरच्या दुकानात ते पुडीत मिळतं. लोखंडावर त्याची पकड सायट्रिकपेक्षा घट्ट असते. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम, हातांत रबरी मोजे, दारं-खिडक्या उघड्या, पट्टी फक्त १५ मिनिटं आणि नंतर पाणीच पाणी. हे विष आहे आणि दिसतं साखरेसारखं, त्यामुळे लागेल तेवढंच आणावं, उरलेलं स्वयंपाकघरात कधीही ठेवू नये आणि लहान मुलं असलेल्या घरात तर पुडी राहूच देऊ नये. धुणं कमी पडलं तर कठीण पाण्यातल्या चुन्याशी मिळून पांढरट पापुद्रा बसतो, म्हणूनही भरपूर धुवायचं.

दारावर येणाऱ्या फिनाइलवाल्याकडचं ॲसिड किंवा संडास धुण्याचं द्रव वापरून हे सगळं दोन मिनिटांत झालं नसतं का, असं ताईनं विचारलं. गंज गेला असता, हे खरं. पण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि सांध्यांतलं सिमेंट ते भराभर खातं. पोकळ झालेला सांधा पुढच्या पावसाळ्यात दुप्पट पाणी पितो, म्हणजे पुढचा डाग आणखी खोल. शिवाय त्याच्या वाफेनं जवळपासचे नळ आणि स्टीलची भांडीही डागाळतात. गंज काढण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही द्रवांत फ्लोराइडचं आम्ल असतं. ते तर टाइलची चकाकीच खातं आणि कातडीतून आत शिरतं. बाटलीवर हायड्रोफ्लोरिक किंवा बायफ्लोराइड असं लिहिलेलं असेल, तर ती घरात आणूच नये.

ऑक्झॅलिकच्या एका फेरीत डब्याचं वर्तुळ टाइलवरून गेलं. सांध्यातली बोटभर रेघ तशीच राहिली. तिथे मी हार मानली, कारण सांध्यात इतक्या खोल गेलेला गंज काढायचा, तर सांधाच खाऊन टाकावा लागतो. गवंडीदादांनी तेवढा भाग पत्रीनं कोरून काढला आणि पांढरं सिमेंट भरलं, अर्ध्या तासाचं काम. भरल्यावर आठवडाभर तिथे आम्लाचा थेंबही पडू द्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

बादलीखाली आता ताईनं सायकलच्या जुन्या ट्यूबचे तीन तुकडे ठेवलेत, बूड अधांतरी राहावं म्हणून. आधी तिनं पोतं घातलं होतं. ते मी काढायला लावलं, कारण पोतं पाणी धरून ठेवतं आणि बुडाखाली तोच थर पुन्हा तयार होतो. रंगाचा डबा घरातल्या कपाटात गेला आहे, प्लास्टिकच्या ताटलीत.