हिरडीपासून झडपेपर्यंत

व्हिएन्नाचा विख्यात संगीतरचनाकार गुस्ताव माहलर १९११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क येथे मुक्कामास असताना त्याचा घसा दुखू लागला, अंगात कणकण भरली, आणि तरीही २१ तारखेस कार्नेगी सभागृहातील मैफलीचे संचालन त्याने ताप अंगावर काढूनच पार पाडले. त्याच्या हृदयाच्या डाव्या भागातील मायट्रल झडप सदोष असल्याचे निदान चार वर्षांपूर्वीच झालेले होते. त्यामुळे ताप हटेना तेव्हा त्याच्या डॉक्टरांनी माउंट सायनाय रुग्णालयातील इमॅन्युएल लिबमन यांची मसलत घेतली. लिबमन यांचे तरुण सहायक जॉर्ज बेअर यांनी माहलरच्या दंडाच्या शिरेतून रक्त काढले, त्यातील काही पोषक द्रवाच्या कुप्यांत घातले, काही वितळलेल्या आगरमध्ये मिसळून काचेच्या बशांत ओतले, आणि ते सारे उबेत ठेवले. चार-पाच दिवसांनी त्या बशांवर जंतूंच्या असंख्य वसाहती उमटल्या. प्रतिजैविकांचा काळ अद्याप यावयाचा होता. १८ मे रोजी, वयाची एक्कावन्न वर्षे पुरी होण्यापूर्वीच, माहलर व्हिएन्नात निवर्तला.

त्या बशांवर वाढलेला जंतू स्ट्रेप्टोकॉकस व्हिरिडन्स होता, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कारण हा काही पटकी-प्लेगासारखा बाहेरून येणारा शत्रू नव्हे, तर निरोगी माणसाच्या दातांवर, जिभेवर आणि हिरड्यांच्या कडांशी जन्मभर वस्तीला असणारा आणि एरवी कोणाच्या वाटेस न जाणारा असा तो रहिवासी आहे. तो हृदयातील एका पातळ पडद्यावर ठाण मांडतो आणि माणसाचा प्राण घेतो, हे घडते कसे?

निकोप झडपेचा पृष्ठभाग एका अत्यंत गुळगुळीत पेशीस्तराने आच्छादलेला असतो, आणि त्याला जंतू सहसा चिकटूच शकत नाहीत. परंतु बालपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप जाड व आकसलेली झाली, किंवा ती जन्मतःच सदोष असली, म्हणजे रक्त शांतपणे न वाहता अरुंद फटीतून मोठ्या वेगाने उसळते. पूल अरुंद असला म्हणजे नदीचे पाणी कमानीतून सुसाट निघते आणि गाळ मात्र पलीकडच्या कडेला, जेथे ओघ मंदावून भोवरे पडतात, तेथे साचतो. झडपेपाशीही तसेच होते. धारेच्या आघाताने तो नाजूक पेशीस्तर खरवडला जातो, उघड्या पडलेल्या जागी रक्तबिंबिका आणि फायब्रिनचे तंतू गोळा होऊन एक बारीकशी खपली धरते, आणि ती बहुधा कमी दाबाच्या बाजूस धरते. म्हणूनच मायट्रल झडप गळत असेल तर रोगाचे कोंब तिच्या अलिंदाकडील अंगावर उगवलेले सापडतात. इतके होईपर्यंत जंतूचा काहीही संबंध आलेला नसतो; खपली निर्जंतुक असते, आणि रुग्णाला तिचा पत्ताही नसतो.

पुढे एखाद्या दिवशी रक्तात काही जंतू शिरतात. यकृत-प्लीहा त्यांचा बंदोबस्त बहुधा अर्ध्या-एक तासात करतात; पण तेवढ्या अवधीत त्यांतले मोजके जंतू त्या खपलीपाशी पोहोचले तर त्यांना जागा मिळते. दातांवर चिकटून राहण्यासाठी निसर्गाने या जंतूंना जी साधने दिली आहेत, म्हणजे पृष्ठभागावरील पकड घेणारी प्रथिने आणि साखरेपासून तयार केलेला चिकट द्रव, तीच येथे त्यांच्या उपयोगी पडतात. जंतू चिकटले की त्यांच्याच चिथावणीने आणखी रक्तबिंबिका, आणखी फायब्रिन त्यांच्यावर थर देऊ लागते, आणि पाहता पाहता ते त्या आवरणाखाली पुरते सुरक्षित होतात. झडपेला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, त्यामुळे पांढऱ्या पेशींना आत शिरण्यास वाट मिळत नाही. अशा कोंबाच्या एका ग्रॅममध्ये शंभर कोटींहून अधिक जंतू आढळतात, आणि खोल थरांतले तर जवळजवळ निद्रिस्त असतात. वाढत्या जंतूंवरच प्रभावी ठरणारे पेनिसिलिन त्यांच्यावर मंदगतीने चालते, म्हणून आजही शिरेतून चार ते सहा आठवडे औषध द्यावे लागते, आणि त्या कोंबाचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायूही होतो.

जंतू रक्तात शिरतात कोठून? काही त्वचेतून, काही सलाईनच्या सुईवाटे. सगळा दोष तोंडाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु या स्ट्रेप्टोकॉकसाचे माहेर तोंडच, आणि त्याची वाट हिरडीतून जाते. दात आणि हिरडी यांमधील खाचेत कीटण साचले, की हिरडीच्या आतल्या अंगाचे अस्तर सुजून विरविरीत होते, आणि तेथे जंतूंचा थर व रक्तवाहिन्या यांच्यामध्ये नाममात्र पडदा उरतो. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाढ काढल्यानंतर सुमारे ६० टक्के लोकांच्या रक्तात असे जंतू सापडले, आधी अमॉक्सिसिलिन घेतलेल्यांत ३३ टक्क्यांच्या, आणि केवळ दात घासल्यानंतर २३ टक्क्यांच्या. दाढ आयुष्यात चार-दोन वेळा काढली जाते, घासणे मात्र रोजचे आहे. यावरून घासणे सोडावे असा अर्थ कोणी काढू नये. त्याच पाहणीतून असेही दिसून आले की घासताना ज्यांच्या हिरड्यांतून रक्त येत होते त्यांच्यात हा धोका कित्येक पटींनी अधिक होता. आपल्याकडे अनेक घरांतील स्त्रिया वर्षानुवर्षे मिश्री लावतात, तिच्या तंबाखूने हिरडीचे नुकसान होते; झडपेचा विकार असलेल्या स्त्रीने ती सवय सोडणे हा तिच्या हृदयाच्या उपचाराचाच भाग आहे, असे मला मनापासून वाटते.

दंतोपचारापूर्वी प्रतिजैविक देण्याचा शिरस्ता एकेकाळी झडपेच्या जवळपास प्रत्येक रुग्णाला लागू होता. २००७ मध्ये अमेरिकन हृदयरोग संघटनेने तो आखडून कृत्रिम झडप बसवलेले, झडपेचा हा जंतुसंसर्ग पूर्वी होऊन गेलेले, आणि काही विशिष्ट जन्मजात दोषांचे अशा अधिक जोखमीच्या रुग्णांपुरता ठेवला. त्यांना हिरडीला धक्का लागणाऱ्या उपचारापूर्वी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिनची एकच २ ग्रॅमची मात्रा द्यावी, असा हा दंडक आहे. या मात्रेने रोग टळतो हे यादृच्छिक चाचणीने आजवर सिद्ध झालेले नाही, आणि म्हणून तिच्या भरवशावर हिरड्यांची हेळसांड करणे चुकीचे ठरते. समजा, एखाद्या गृहिणीची झडप दोन महिन्यांनी बदलायची आहे आणि तिची एक दाढ किडून दुखत आहे: अशा वेळी दंतवैद्याकडे आधी जावे, कीटण काढून घ्यावे, दाढ वाचवायची की काढायची ते ठरवून घ्यावे, आणि जखम भरून आल्यावर शस्त्रक्रियेस सामोरे जावे. रक्त पातळ करण्याची गोळी कोणी घेत असेल तर ती दंतवैद्याच्या भीतीने स्वतःच्या मनाने बंद करू नये. संधिवाताच्या तापासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांचाही एक गैरसमज असतो, की त्याने झडपेचे रक्षण आपोआप होतेच. ती मात्रा त्या कामास पुरत नाही.

या सर्वांहून अधिक अनर्थ ज्या एका चुकीने होतो, ती मात्र दवाखान्याबाहेरच घडते. झडपेच्या रुग्णाला संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, भूक मंद, वजनात घट, असे आठ-पंधरा दिवस चालते, आणि कोणीतरी औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणून देतो. ताप उतरतो, परंतु रक्तातील जंतू तपासणीत उगवत नाहीत, आणि झडप आतून झिजत असताना महिना निघून जातो. अशा रुग्णाने कोणतीही गोळी घेण्यापूर्वी रुग्णालयात जावे आणि आपल्या झडपेची हकीकत सर्वांत आधी सांगावी, म्हणजे वेगवेगळ्या जागांच्या शिरांतून तीन वेळा रक्त घेऊन ते उबवणीस ठेवले जाईल, आणि मगच औषध सुरू होईल.