रजेचा अर्ज : साचा जुना, मजकूर नवा

मंडई परिसरात राहणाऱ्या नोकरदाराला वर्षातील एक रजा कित्येक महिने आधीच ठाऊक असते. अनंत चतुर्दशीला पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीचा प्रारंभ मंडईतील टिळक पुतळ्यापासून होतो आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. आजारपण, घरचे कार्य आणि सरकारी कचेरीतील काम ही आणखी तीन ठरलेली कारणे. या चारांसाठी चार साचे तयार ठेवले, की दर वेळी कोऱ्या कागदापासून आरंभ करावा लागत नाही. मात्र वरिष्ठांच्या फायलीत गेल्या वर्षीचा अर्जही असतो. दोन्ही अर्ज शब्दशः सारखे निघाले, तर खरे कारणही सबबीसारखे वाटू लागते.

काय कायम, काय रिकामे?

‘रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती’ हे वाक्य दरवर्षी तेच असले, तरी कोणाला खटकत नाही. ती अर्जाची रीतच आहे. नक्कल उघडी पडते ती कारणाच्या वाक्यात. म्हणून शब्द फिरवून नवेपणा आणण्याचा खटाटोप व्यर्थ होय. ‘अपरिहार्य’च्या जागी ‘अनिवार्य’ लिहिल्याने अर्ज नवा होत नाही. साच्यात मायना, रजेचा प्रकार आणि शेवट कायम ठेवावा. दिनांक व वार, या वेळचे नेमके कारण आणि हातातील कामाची स्थिती, या तीन जागा मात्र कोऱ्याच सोडाव्यात. जुना मजकूर तेथे राहू दिला, तर घाईत तोच पुढे जातो.

मिरवणुकीच्या रजेचे उदाहरण घेऊ. २०२४ मध्ये अनंत चतुर्दशी मंगळवारी आली. त्या वर्षीचा अर्ज असा होऊ शकला असता :

‘मंगळवार, दि. १७ व बुधवार, दि. १८ सप्टेंबर २०२४ अशी दोन दिवसांची नैमित्तिक रजा मिळावी. माझे घर मिरवणुकीच्या मार्गावर असून रस्ते वाहतुकीस बंद राहतील. ऑगस्टची देयके सोमवारी पूर्ण करून देत आहे.’

हाच अर्ज पुढे जसाच्या तसा चालत नाही. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी शनिवारी होती. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कार्यालयात रजेची गरजच नव्हती. शिवाय २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाला आणि मंडईला स्थानक मिळाले. तेव्हापासून ‘रस्ते बंद’ एवढे कारण पुरेसे ठरत नाही. २०२६ मधील अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरची, शुक्रवारची. त्यासाठी मजकूर असा होईल :

‘शुक्रवार, दि. २५ सप्टेंबर २०२६ रोजी एक दिवसाची नैमित्तिक रजा मिळावी. मंडळाच्या रथाबरोबरच्या स्वयंसेवकांची जबाबदारी या वर्षी माझ्याकडे असून ती शनिवारी पहाटेपर्यंत चालेल. शनिवारी कार्यालय बंद असल्याने त्या दिवसाची रजा मागत नाही. तिमाहीची पत्रके गुरुवारी सादर करीत आहे.’

साचा तोच, पण वार, जबाबदारी आणि काम बदलताच अर्ज आपोआप वेगळा झाला.

प्रत्येक कारणाचा क्रम निराळा

आजारपणाच्या साच्यात आधी ‘आज येऊ शकत नाही’ हे सांगावे, लगेच अडलेले काम कोणाकडे आहे ते लिहावे. कारण एका शब्दात पुरते. ‘ताप’ म्हटल्यावर लक्षणांचे वर्णन नको. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडल्यास त्यावरील आणि अर्जातील दिनांक जुळलेच पाहिजेत. घरच्या कार्यासाठी नाते, गाव आणि प्रवासाचा दिवस लिहावा. कचेरीतील कामासाठी कचेरीचे नाव व वेळ दिली, की अर्ध्या दिवसाची रजा का पुरेल हे कळते.

पाठविण्यापूर्वी गेल्या वेळचा अर्ज शेजारी ठेवावा आणि दोन्हींतील दिनांक बोटाने झाकावेत. कोणता अर्ज कोणत्या वर्षीचा हे ओळखू आले नाही, तर कोऱ्या जागा नीट भरल्या गेल्या नाहीत, असे समजावे. त्यानंतर दिनांक, वार आणि एकूण दिवस यांचा मेळ पाहावा. ‘दोन दिवस’ लिहून तीन तारखा दिल्या जातात, किंवा बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचे नाव मायन्यात तसेच राहते, त्या चुका येथेच सापडतात.

घरातील मृत्यू किंवा गंभीर शस्त्रक्रिया यांसाठी मात्र साचा करू नये. असा अर्ज क्वचितच लिहावा लागतो, आणि तो त्या वेळी सुचेल तशा दोन साध्या वाक्यांत लिहिलेलाच बरा.