काचेच्या पृष्ठावरील परावर्तन व पारगमन : ध्रुवणाच्या दोन दिशांचा विचार

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीस जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा बराच वेळ जंगल दिसते. मोटारीच्या खिडकीची काच लावून प्रवासी तिरक्या नजरेने पुढील झाडी पाहू लागला, की झाडीवर गाडीच्या आतील वस्तूंचे फिकट प्रतिबिंब पसरलेले आढळते. पाण्यावरील चकाकी घालविणारा ध्रुवक चष्मा त्याने डोळ्यांवर चढविला, तर हे प्रतिबिंब नाहीसे होण्याऐवजी अधिकच ठळक होते. तोच चष्मा ताडोबाच्या तलावाकाठी मात्र आपले काम चोख बजावतो. या विसंगतीचा उलगडा काचेच्या पृष्ठावरील परावर्तन-गुणकांवरून होतो.

आपाती किरण आणि पृष्ठाची स्तंभिका यांतून जाणारे प्रतल म्हणजे आपतन-प्रतल होय. विद्युत् क्षेत्राचे कंपन या प्रतलास लंब असेल तर त्या घटकास s आणि प्रतलातच असेल तर p असे संबोधितात. आपतन-कोन i व वक्रीभवन-कोन r मानल्यास, फ्रेनेलच्या समीकरणांनुसार परावर्तित व आपाती तरंगांच्या परमप्रसरांची गुणोत्तरे पुढीलप्रमाणे येतात :

ρₛ = −sin(i − r) / sin(i + r)
ρₚ = tan(i − r) / tan(i + r)

काचेचा वक्रीभवनांक १.५ धरून i = ५६.३° घेऊ. स्नेलच्या नियमानुसार r = ३३.७° येतो आणि दोन्ही कोनांची बेरीज ९०° होते. tan ९०° अनंत असल्यामुळे ρₚ शून्य होतो. त्याचे भौतिक कारण असे : काचेतील इलेक्ट्रॉन वक्रीभूत किरणास लंब दिशेने कंप पावतात, p घटकाच्या बाबतीत ती कंपनदिशा नेमकी परावर्तित किरणाचीच दिशा ठरते, आणि कंपनदिशेत प्रारण होत नाही. उलट ρₛ = −०.३८५ येतो. त्याचा वर्ग ०.१४८, म्हणजे s घटकाची सुमारे १५ टक्के ऊर्जा परत फिरते. ऋण चिन्ह केवळ कला उलटल्याचे निदर्शक आहे.

पारगमनाचा हिशेब करताना विद्यार्थ्यांची चूक बहुधा येथेच होते. पृष्ठास समांतर असलेले विद्युत् क्षेत्र सीमेवर अखंड राहत असल्यामुळे s घटकाचा पारगमन-गुणक १ − ०.३८५ = ०.६१५ इतका असतो. त्याचा वर्ग ०.३७९ हा पारगत ऊर्जेचा अंश मानल्यास परावर्तित अंशासह बेरीज ०.५२७ भरते, उरलेली ऊर्जा कोठे गेली, असा प्रश्न पडतो. वस्तुतः काहीच हरवलेले नाही. काचेत तेवढ्याच परमप्रसराचा तरंग n पट ऊर्जा वाहून नेतो. शिवाय शलाकेची रुंदी cos r / cos i या प्रमाणात बदलते. म्हणून वर्गास n cos r / cos i या घटकाने गुणावे लागते. येथे तो २.२५ आहे, ०.३७९ × २.२५ = ०.८५२, आणि बेरीज १ होते. p घटकाचा पारगमन-गुणक ०.६६७ असून त्याचा वर्ग ०.४४४; यास २.२५ ने गुणिले की १ येतो. म्हणजे p ची सर्व ऊर्जा काचेत शिरते. प्रत्येक उदाहरणाअंती ही बेरीज करून पाहिल्यास चूक तत्काळ ध्यानात येते.

खिडकीच्या काचेस दोन पृष्ठे असतात. त्यांमधील वारंवार परावर्तने जमेस धरिली, तर s घटकासाठी एकूण परावर्तित अंश 2R / (1 + R), म्हणजे सुमारे ०.२६ होतो, p साठी तो शून्यच राहतो. अध्रुवित प्रकाशासाठी दोहोंची सरासरी ०.१३ येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. s आणि p ही नावे उभ्या-आडव्या दिशांची नव्हेत, तर आपतन-प्रतलाच्या संदर्भातील आहेत. तलावाचे पृष्ठ आडवे असल्याने त्याचे आपतन-प्रतल उभे असते आणि s कंपन आडवे. चष्म्याची काच उभे कंपन जाऊ देते व आडवे अडविते. म्हणून चकाकी मावळते. खिडकीची काच उभी असते. प्रवासी समपातळीवर पुढे पाहतो तेव्हा आपतन-प्रतल आडवे होते आणि s कंपन उभे. चष्मा नेमका तोच घटक डोळ्यापर्यंत पोहोचू देतो आणि प्रतिबिंब न देणारा p घटक अडवितो. त्यामुळे प्रतिबिंबाचा अंश ०.१३ वरून ०.२६ वर जातो. बाहेरून येणाऱ्या प्रकाशाचा अंश मात्र ०.८७ वरून ०.७४ वर उतरतो. झाडीच्या तुलनेने प्रतिबिंब दुपटीहून अधिक उठून दिसते ते यामुळेच.

याची पडताळणी सोपी आहे. चष्मा हातात धरून ९०° फिरविला की प्रतिबिंब जवळजवळ लोपते. मात्र ही गोष्ट ५६° च्या आसपासच घडते. काचेकडे समोरून पाहिल्यास i शून्याजवळ असतो, आपतन-प्रतलच निश्चित उरत नाही, आणि प्रत्येक पृष्ठावरून दोन्ही घटकांचा सारखाच, ४ टक्के, अंश परततो. तेथे चष्मा कसाही फिरविला तरी प्रतिबिंब व झाडी यांचे परस्परप्रमाण बदलत नाही.